ऋणनिर्देशाचा ताळेबंद

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांच्या आधारे अठराव्या शतकातील एका परगण्याच्या वतनी कज्ज्यांवर पीएच.डी.चा प्रबंध सिद्ध करणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका विदुषींनी, बांधणीस जाण्यापूर्वी ‘जरा नजरेखालून घालावा’ म्हणून जो मजकूर आमच्याकडे धाडला, त्यात अर्पणपत्रिका व ऋणनिर्देश मिळून पाच पाने होती. आणि ती वाचून झाल्यावर, या प्रबंधाचे कर्तृत्व संस्थेच्या अध्यक्षांचे असून विदुषींनी केवळ लेखनिकाचे काम केले असावे, असा आमचा प्रामाणिक ग्रह झाला.

अर्पणपत्रिकेत आरंभी सर्व बिरुदांसह अध्यक्ष, तदनंतर त्यांच्या सुविद्य पत्नी, मग कुलस्वामिनी, मग मातापिता, आणि तळाशी जागा उरली म्हणून समस्त शेतकरीवर्ग, इतक्यांना एकच ग्रंथ वाहिलेला होता. वतनी कज्ज्यांचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीने इतके हिस्सेदार निर्माण करावेत, याचे आम्हांस नवल वाटले. अर्पण ही ग्रंथकर्त्याची खासगी देणगी. तिला कारण द्यावे लागत नाही, पण देणगीदाराचे मन एका ठिकाणी ठरलेले असावे लागते. म्हणून त्या पानावर आम्ही ‘आई-अण्णांस’ एवढेच ठेवले, आणि ज्यांस ग्रंथ अर्पण केला त्यांचे पुढे पुन्हा आभार मानू नयेत, अशी तजवीज केली.

ऋणनिर्देशाचा क्रम मात्र दरबारातील बैठकीचा होता. अध्यक्ष, सचिव, प्राचार्य व विभागप्रमुख यथास्थित आसनस्थ झाल्यावर दुसऱ्या पानाच्या मध्यावर मार्गदर्शक प्रकट होत, तेही ‘परीसस्पर्शा’पुरते, त्यामागून ज्यांची नावे विद्यापीठाने गुप्त राखली आहेत त्या परीक्षकांचे आगाऊ आभार येत, ज्यास दफ्तरी भाषेत आभार म्हणत नाहीत, आणि चौथ्या पानाच्या अखेरीस, ‘ज्ञात-अज्ञात’ सहकार्यकर्त्यांच्या गर्दीत, उपाहारगृहाच्या चालकाशेजारी, एका निवृत्त मोडीवाचकाचे नाव होते.

हे गृहस्थ कोण, असे विचारता जी हकीकत कळली, ती ऐकण्यासारखी आहे. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून ४५ खंड निवडून छापले खरे, परंतु रुमालांत बांधलेले बहुतेक कागद अद्यापि मोडीतच असल्यामुळे वाचकावाचून गत्यंतर नसते. विदुषींच्या हाती आलेल्या एका महजरावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७१, असा सन होता. तो त्यांनी फसली समजून त्यात ५९० मिळवले, १७६१ साल काढले, आणि पानिपतच्या आघातामुळे गाव उजाड झाले असा सिद्धान्त एका संपूर्ण प्रकरणात थाटामाटाने मांडला. वृद्ध वाचकाने नम्रपणे निदर्शनास आणले की अरबी अंकशब्दांनी लिहिलेला हा सन शुहूर आहे, त्यात ५९९ मिळवावयाचे असतात, सबब कागद १७७० सालचा आहे, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या रणसंग्रामास या गावच्या पाटीलकीच्या भांडणात गोवण्याचे प्रयोजन नाही. प्रकरण नव्याने लिहिले गेले, प्रबंध बचावला, आणि वाचविणारा उपाहारगृहाशेजारी बसला.

तेव्हा आम्ही एकच नियम लावला: प्रत्येक नावापुढील विशेषणे खोडावीत व तेथे त्या व्यक्तीने या प्रबंधासाठी काय केले, ते एका क्रियापदाने लिहावे, क्रियापद सापडेना तर नावही खोडावे. मार्गदर्शकांचा ‘परीसस्पर्श’ गेला, आणि महजर व निवाडपत्रे यांचा पुरावा निरनिराळा तपासावा ही सूचना त्यांची, असे पहिले वाक्य झाले. दुसरे वाक्य वाचकाचे: ‘शुहूर व फसली सनांची गल्लत त्यांनी दाखविल्यामुळे तिसऱ्या प्रकरणातील कालनिर्णय दुरुस्त झाला.’ त्यामागून दफ्तरखान्याचे सेवक, कारण त्यांनी रुमाल काढून दिले. मग संस्था, कारण तिने अध्ययनरजा मंजूर केली. शेवटी घरची बाकीची मंडळी, एका ओळीत, कारण त्यांनी जे सोसले त्याची यादी त्यांच्याकडे आहेच. ‘उरलेले दोष माझे’ हे वाक्य आम्ही राहू दिले, मात्र ‘असल्यास’ हा शब्द काढला. अध्यक्षांसाठी क्रियापद शोधण्यात आम्ही कसूर केली नाही. परंतु ‘उद्घाटन केले’ याखेरीज काही हाती लागले नाही, आणि उद्घाटन प्रबंधाचे नव्हते, वाहनतळाचे होते.

चार पानांचे अर्धे पान झालेले पाहून विदुषी घाबरल्या. त्यांना नोकरी त्याच संस्थेत करावयाची आहे, हे आम्ही विसरलो नव्हतो. अखेर तोड निघाली: विद्यापीठात दाखल करावयाच्या प्रतींत आमचा मसुदा राहील, आणि अध्यक्षांना समारंभपूर्वक अर्पण करावयाच्या एका प्रतीत जुनी पाचही पाने, जाड गुळगुळीत कागदावर, सोनेरी अक्षरांच्या वेष्टनात बांधली जातील. ही व्यवस्था समजावून घेतल्यावर बांधणी करणाऱ्या अनुभवी कारागिराने, त्या प्रतीत पाचव्या पानापुढे कोरे कागद घातले तर छपाईचा खर्च वाचेल, असे सुचविले.