लोकल वेळेवर होती

मुंबईत उशिराचं सगळं खापर मध्य रेल्वे मुकाट्याने फोडून घेते. ती काही उलट पत्र लिहीत नाही. त्यामुळे ‘अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला’ हे वाक्य डोंबिवलीपासून फोर्टपर्यंत बिनतिकीट फिरतं. परवा मात्र एका कारकुनाने साहेबांना भलतंच लिहिलं:

‘मा. साहेब, आज साडेनऊऐवजी सव्वादहाला पोहोचलो. लोकल वेळेवर होती, मीच नव्हतो. फोन रात्री चार्जिंगला लावला, पण बटण चालू करायचं राहिलं. गजर वाजलाच नाही. दहाचा ग्राहकाचा फोन शेजारच्या टेबलाने घेतला. त्याचं उत्तर दुपारी तीनपर्यंत जाईल. आजच सेलचं गजराचं घड्याळ घेतो. पुन्हा उशीर होईलसं दिसलं, तर घरूनच कळवेन.’

यात आजी आजारी नाही, वारलेली तर नाहीच. ‘पुन्हा कधीही होणार नाही’ अशी भीष्मप्रतिज्ञाही नाही. पहिल्या पावसात रुळांवर पाणी आलं की ती मोडते आणि जुनं पत्र फाइलमधून बाहेर येतं. सेलचं घड्याळ मात्र साहेबांना टेबलावर ठेवून दाखवता येतं. माफी मागायचीच तर तीही एका ओळीत, नाहीतर पत्र वाचण्यात साहेबांचीच दहा मिनिटं जातात.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि दार लोटून घेत हळूच विचारलं, ‘ते ठीक आहे हो, पण खरं कारण काय? दुसरीकडे मुलाखत होती का?’