पेस्टबंदीच्या जनकास, बोरीवलीहून

प्रति,
लॉगिनच्या चौकटीत पेस्ट बंद करणारे साहेब,
माहिती तंत्रज्ञान विभाग, आमची बँक.



आपली ओळख नाही, पण आपलं हस्ताक्षर मी ओळखतो. लॉगिनच्या पानाचा कोड उघडून पाहिला, तेव्हा ते दिसलं:

```
<input type="password" onpaste="return false">
```

एवढ्या एका ओळीसाठी मी मागे तीनदा पासवर्ड चुकवला आणि खातं लॉक करून घेतलं. मग शनिवारी बाभईहून चालत शाखेत आलो. दुसरा शनिवार होता. शटरला नमस्कार करून परतलो.

घडलं ते असं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं `.bank.in` या पत्त्यावर न्यायची होती. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे नकली साइट ओळखणं सोपं जातं. निर्णय चांगलाच आहे. आपणही पत्ता बदललात. माझ्या पासवर्ड मॅनेजरकडे मात्र जुनाच पत्ता होता. नवं पान समोर येताच तो गप्प बसला, आणि त्याने योग्यच केलं, कारण अनोळखी दारात किल्ली काढायची नाही हेच त्याचं काम. मी पासवर्ड कॉपी केला आणि चौकटीत टाकायला गेलो. चौकट ढिम्म.

मग बावीस अक्षरं हाताने टाइप करायला बसलो. त्यात मोठा आय, छोटा एल आणि एक हा आकडा शेजारी शेजारी, आणि चौकटीत दिसतात फक्त काळे ठिपके. पुढचं वर आलंच आहे.

हे आपण सुरक्षेसाठी केलंत, असं ऐकतो. क्लिपबोर्डवरचा मजकूर दुसरा एखादा प्रोग्राम वाचू शकतो, हे खरं. पण साहेब, आपण पेस्ट अडवता, कॉपी नाही. आपला नकार येईपर्यंत पासवर्ड क्लिपबोर्डवर जाऊन बसलेला असतो. चोर घरात शिरल्यावर पाहुण्यांना दारात अडवण्यासारखं झालं हे. आणि संगणकात हेर शिरलाच असेल, तर तो टाइप केलेली बटणंही टिपतो. हजारो पासवर्ड आजमावणारी यंत्रं तर आपल्या चौकटीकडे फिरकतच नाहीत, ती थेट सर्व्हरला विनंत्या पाठवतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच बजावलं होतं की पासवर्ड पेस्ट करू द्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या मानक संस्थेनेही तीच शिफारस केली.

पैसे पाठवताना खातेक्रमांक दुसऱ्यांदा लिहायला लावता, तिथे पेस्ट बंद असलं तर माझी तक्रार नाही. तिथे चुकीचा आकडा दोनदा चिकटला तर पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात. पासवर्ड चुकला तर दार उघडत नाही, एवढंच. ती युक्ती आपण इथे उचलून आणलीत, असा माझा संशय आहे.

परिणाम आमच्या सोसायटीत पाहा. हाताने टाइप करायचा म्हणून एका काकांनी पासवर्ड बाप्पाच्या नावावर आणि एक-दोन-तीनवर आणून ठेवलाय. शिवाय तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेलाही आहे.

मी काय केलं, तेही कळवतो. खातं उघडून घेतल्यावर नवा पत्ता चेकबुकसोबत आलेल्या कागदावरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिला आणि मगच मॅनेजरमधल्या नोंदीत घातला. मेसेजमधल्या लिंकवरून घातला नाही. आता मॅनेजर स्वतःच चौकट भरतो. तो पेस्ट करत नाही, थेट मजकूर ठेवतो, त्यामुळे आपली ओळ त्याला अडवत नाही. कधी पान म्हणतं, पासवर्ड रिकामा आहे. तेव्हा शेवटी एक अक्षर टाइप करून खोडलं की बहुधा त्याला जाग येते.

भावाच्या लॅपटॉपवर कीपासएक्ससी आहे. त्यातलं ऑटो-टाइप पासवर्ड खरोखर एकेक बटण दाबल्यासारखा टाइप करतं, क्लिपबोर्ड लागतच नाही. धोका एकच: कर्सर चौकटीत हवा. एकदा तो सोसायटीच्या चॅटवर होता, आणि भावाचा पासवर्ड सगळ्या बी विंगने वाचला. लगेच बदलला, हे सांगायला नको.

फायरफॉक्सवाल्यांना `about:config` मध्ये `dom.event.clipboardevents.enabled` हे `false` करता येतं. मग पानाला पेस्टची खबरच लागत नाही. काही साइटवरचं नेहमीचं कॉपी-पेस्ट यामुळे बिघडतं, म्हणून काम झालं की ते पुन्हा `true` करावं. दुसऱ्या कुणी पाठवलेला कोड ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चिकटवायचा उपाय मात्र मी कुणालाच सांगत नाही. त्या कोडला आपलं लॉगिन झालेलं खातंही हाताळता येतं.

तेव्हा `onpaste="return false"` एवढा मजकूर खोडावा, ही विनंती. हे पत्र तक्रारीच्या फॉर्ममध्ये भरायचं होतं. तिथेही पेस्ट चालत नाही, म्हणून टपालाने पाठवतो आहे.

आपला,
एक खातेदार,
बाभई, बोरीवली (पश्चिम)