शिल्लक १ लाख ४० हजार, तूट १ लाख ६० हजार

गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. पुढे ज्या ट्रस्टची हकीकत आहे तो कोणत्या तालुक्यातला हे सांगत नाही, म्हणजे आठही ठिकाणच्या विश्वस्तांना तो शेजारच्या तालुक्यातला वाटेल आणि सदर शांतपणे वाचून होईल. मुलामुलींचं वसतिगृह, एक सभागृह आणि दिवाळीनंतरच्या मंडईला रात्रभराची दंडार, एवढा या ट्रस्टचा पसारा.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३१-अ प्रमाणे ठरावीक मर्यादेवर उत्पन्न असलेल्या ट्रस्टला नवं वर्ष सुरू होण्याच्या निदान एक महिना आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात द्यावं लागतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सभा भरली. खजिनदारांनी कागद वाचला. जमा साडेतेरा लाख, खर्च बारा लाख दहा हजार, शिल्लक एक लाख चाळीस हजार. टाळ्या झाल्या. शिल्लक हा शब्द ऐकताच अध्यक्षांना स्वागतकमान दिसू लागली आणि कमानीवर आपलं नावही.

ट्रस्टचे हिशेब तपासायला येणारे सीए त्या दिवशी चहाला थांबले होते, हे कमानीचं दुर्दैव. त्यांनी जमेच्या बाजूला बोट ठेवून विचारलं, हे साडेतेरा लाख कोणाकोणाचे?

सहा लाख एका कंपनीचे, सीएसआरमधून, मुलींच्या वसतिगृहाच्या संडास-बाथरूमसाठी. दीड लाख एका राइस मिलवाल्यांचे, पत्रात स्पष्ट लिहिलेलं की मुलांच्या जेवणासाठीच. दोन लाख एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले, मूळ रक्कम कायम ठेवायची आणि फक्त व्याज वापरायचं या अटीवर. उरलेले चार लाख वर्गणीचे, सभागृहाच्या भाड्याचे आणि जुन्या ठेवींच्या व्याजाचे. दात्याची अट नसलेला पैसा तेवढाच.

"काहून जी? पैसा त पैसाच रायते ना!" अध्यक्ष म्हणाले. गोंदियाच काय, सगळ्या महाराष्ट्रातल्या ट्रस्टांचं अर्थशास्त्र या एका वाक्यात मावतं.

सीएंनी कागदावर तीन उभ्या रेघा मारल्या. पहिला रकाना दात्याने बांधून दिलेल्या पैशाचा, दुसरा मोकळ्या पैशाचा, तिसरा कायम निधीचा. मग प्रत्येक खर्च ज्याच्या त्याच्या रकान्यात नेऊन बसवला. संडास-बाथरूमचे पाच लाख पहिल्यात गेले. जेवणाचा खर्च दोन लाख वीस हजार. त्यातले दीड लाख मिलवाल्यांच्या पैशातून पहिल्या रकान्यात आणि उरलेले सत्तर हजार मोकळ्यात. पगार तीन लाख, वीजबिल, ऑडिट आणि डागडुजी मिळून नव्वद हजार, मंडई एक लाख, हे सगळं मोकळ्यात. पहिल्या रकान्यात एक लाख उरले, तेही बांधकामाचेच. तिसऱ्यात दोन लाख जसेच्या तसे. आणि मोकळ्या रकान्यात चार लाखांच्या जमेसमोर खर्च पाच लाख साठ हजार. तूट एक लाख साठ हजार.

तिन्ही रकान्यांची बेरीज केली तर तीच एक लाख चाळीस हजारांची शिल्लक निघते. बेरीज बरोबर आहे, म्हणून तर धोका आहे. ज्या पैशाने मास्तरांचा आणि स्वयंपाकिणीचा पगार निघणार होता, तो स्मरणार्थ ठेवीतून आणि मुलींच्या बाथरूममधून निघणार, हे एका रकान्याच्या कागदावर कुठेच दिसत नाही. पासबुकातही दिसत नाही, कारण बँकेला दात्याची अट माहीत नसते. वर्षभर चेक वटत राहतात आणि सगळ्यांना ट्रस्ट सुखात असल्याचं वाटतं.

सचिव कायद्याचे जाणकार. ते म्हणाले, ट्रस्टच्या उद्देशाबाहेर निधी वापरला का, असं ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. वसतिगृहही उद्देशात आहे आणि सांस्कृतिक कार्यक्रमही, मग बाथरूमचे पैसे दंडारीत गेले तरी उत्तर 'नाही' असंच येईल. मुद्दा बिनतोड होता. त्या प्रश्नाच्या जाळीतून हा मासा खरंच सुटतो, कारण ट्रस्टचा उद्देश आणि दात्याचा उद्देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण याच कायद्याखालच्या ताळेबंदाच्या नमुन्यात मूळ निधीच्या खाली इतर राखून ठेवलेल्या निधींसाठी वेगळी जागा आहे. ती कोरी सोडायची सवय ट्रस्टची. नमुन्याने काही तसं सांगितलेलं नाही.

मासा पकडतो तो दाता. सीएसआर नियमांप्रमाणे दिलेला पैसा मंजूर कामावर आणि मंजूर पद्धतीने खर्च झाला, हे कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. तो उपयोगिता प्रमाणपत्र मागतो, बिलं मागतो, उरलेल्या एका लाखाचा हिशेबही मागतो. कायम निधीचं तर २०२१च्या वित्त कायद्यापासून आणखी कडक झालं: ती देणगी करमुक्त राहायची तर ठरलेल्या गुंतवणुकीत आणि खास त्याच निधीच्या नावे ठेवावी लागते. चालू खात्यात वर्गणीशेजारी झोपवून चालत नाही.

मग अध्यक्षांनी हुशारी केली. मंडईचे एक लाख आपण ठराव करून 'मंडई निधी' म्हणून बाजूला काढले आहेत, तेव्हा ते पहिल्या रकान्यात टाका, दुसऱ्यातली तूट तेवढी कमी दिसेल! अर्ध्या ट्रस्टांची गफलत इथेच होते. विश्वस्तांनी ठरावाने बाजूला काढलेला पैसा विश्वस्त पुढच्या सभेत ठराव करून परत मोकळा करू शकतात. दात्याची अट मात्र दात्याशिवाय सैल होत नाही. म्हणून स्वतःच घातलेलं बंधन मोकळ्या रकान्यातच राहतं. फार तर त्या रकान्यात एक उपरकाना पाडावा.

कंपनीच्या पैशातून थोडा व्यवस्थापन खर्च घेता येईल का, हेही निघालं. येईल, पण करारपत्रात तसं लिहिलेलं असेल तरच, आणि लिहिलं असेल तेवढाच. पत्र शोधण्यात आलं. ते वसतिगृहाच्या कपाटात, उंदरांनी एका कोपऱ्यापुरतं वाचलेल्या अवस्थेत मिळालं. त्यात व्यवस्थापन खर्चाचा शब्द नव्हता. पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात पैसा न्यायची वाट बंद झाली.

शेवटी दंडार साठ हजारांत बसवायची आणि सभागृहाचं भाडं वाढवायचं ठरलं. त्यातून तूट एक लाखाच्या आत आली. बाकीची वर्गणीने भरायची. पण वीजबिलासाठी वर्गणी कोण देतो? खोलीवर नाव लागतं, पाण्याच्या टाकीवर लागतं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा लागतं. वीजबिलावर फक्त ग्राहक क्रमांक असतो. त्यामुळे पहिला रकाना गलेलठ्ठ आणि दुसरा उपाशी, हे चित्र दात्यांनीही मिळून काढलेलं आहे.

सभा उठता उठता एक जुने कंत्राटदार उभे राहिले आणि कमानीसाठी तीन लाख जाहीर केले. पत्रात 'फक्त कमानीसाठी' असं लिहून द्यायलाही ते तयार होते. सीएंना नाही म्हणता येईना, रीत पाळलेली होती. खजिनदारांनी पहिल्या रकान्यात तीन लाख जमा आणि तीन लाख खर्च लिहिला. मग अध्यक्षांनी सुचवलं की कमानीवर रात्रभर दिवे हवेत. दिव्यांचं बिल कोणत्या रकान्यात जाणार, हे यावेळी खजिनदारांनी न विचारताच लिहिलं.