वाढतेशेठ

वडशाच्या बाजारात वाढतेशेठ ओळखायला दुकानावरची पाटी वाचावी लागत नाही. त्याच्याकडे दोन मोबाइल असतात. एकावर तो कोरचीच्या दुकानदाराला "माल आजच पाठवतो" म्हणतो आणि दुसऱ्यावर कंपनीच्या वसुलीवाल्याला "पैसे सोमवारी पाठवतो." माल खरंच आजच जातो. सोमवार मात्र कोणता, ते ठरलेलं नसतं. ठोक किराण्याची विक्री दरवर्षी वाढते, गोदामात पाय ठेवायला जागा नसते आणि गल्ल्यात हमालाला द्यायला सुट्टे नसतात. सीए नफा दाखवून आयकर भरायला सांगतो, तेव्हा शेठचा पहिला संशय सीएवर जातो आणि दुसरा मुनीमजीवर. दोघंही निर्दोष आहेत. नफा झालाय, पण तो कुरखेडा, कोरची आणि धानोऱ्याच्या खेड्यांत तेल, साखर नि साबणाच्या रूपाने उधारीवर बसलाय.

हिशेब शेठच्याच वहीतून मांडता येतो. समजा, महिन्याची विक्री १० लाखांची आहे आणि त्या मालाची खरेदी ९ लाखांची. माल महिनाभर गोदामात राहतो, खेड्यातला दुकानदार सरासरी चार महिन्यांनी पैसे देतो आणि कंपनी शेठला एक महिन्याची मुदत देते. म्हणजे शेठचे चार महिन्यांचे खरेदीचे पैसे, ३६ लाख, कायम अडकलेले. यंदा विक्री १३ लाखांवर गेली, खरेदी ११ लाख ७० हजारांवर गेली आणि अडकलेली रक्कम झाली ४६ लाख ८० हजार. धंदा वाढला म्हणून वरचे १० लाख ८० हजार आणायचे कुठून? खर्च, व्याज जाऊन शंभराला चार रुपये उरतात असं धरलं, तर वर्षाच्या १ कोटी ५६ लाखांवर सव्वासहा लाख नफा. घरखर्चाला चार लाख गेले की उरले सव्वादोन. साडेआठ लाखांची ही तूट तोट्यातून आलेली नाही, ती वाढीतूनच आली आहे. म्हणूनच शेठ जितक्या जोमाने धंदा करतो, तितका वसुलीवाल्याला टाळतो. (त्यातच नागपूरला प्लॉट घेतला असेल तर विचारूच नका. आठवड्याच्या खरेदीचा पैसा तिथे दहा वर्षांसाठी कुंपणात उभा असतो.)

यावर शेठचं पहिलं उत्तर ठरलेलं: "बँकेची लिमिट वाढवून घेऊ." बँक नाही म्हणणार नाही, पण तिचं मोजमाप वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने १९९२ साली लघुउद्योगांसाठी जो ठोकताळा दिला, तोच बँका बहुधा व्यापाऱ्यालाही लावतात: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल, त्यात २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के मालकाचे. शेठच्या बाबतीत ते ३९ लाख होतात. वर्षाचा चौथा हिस्सा म्हणजे तीन महिने. बँकेचा पैसा तीन महिन्यांत फिरून यावा अशी अपेक्षा आणि शेठचा फिरतो चार महिन्यांत. शिवाय ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी बँका सहसा उचलीच्या हिशेबात धरत नाहीत. शेठची सगळ्यात जुनी, सगळ्यात लाडकी गिऱ्हाइकं नेमकी त्या यादीत असतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "उधारी बंद केली तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाईल. आणि इकडचा माणूस धानाचा पैसा आल्याशिवाय देणार तरी कुठून?" बरोबर आहे. गडचिरोलीत खेड्यातल्या दुकानदाराकडे पैसा दोन वेळा येतो: धान निघाल्यावर आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान दिलं तरी रक्कम खात्यात पडायला वेळ लागतो. पण यातून एवढंच सिद्ध होतं की उधारीला मुदत लागते. मुदतीला तारीख नको आणि रकमेला मर्यादा नको, हे त्यातून सिद्ध होत नाही. शेठ नवा माल देताना जुनी बाकी विचारत नाही, कारण विचारलं तर माल परत आणावा लागेल अशी त्याला भीती वाटते. प्रत्येक दुकानदाराची बाकी एक, दोन, तीन आणि तीनपेक्षा जास्त महिने अशा रकान्यांत लिहून काढली, तर बहुतेकदा शेवटचा रकाना मोजक्या नावांनी भरलेला सापडतो. त्या नावांची जुनी बाकी धानाच्या हंगामात आधी घ्यायची आणि पुढचा माल ठरलेल्या रकमेपुरताच द्यायचा. सरासरी उधारी चारवरून तीन महिन्यांवर आली, तर किमान ११ लाख ७० हजार मोकळे होतात. म्हणजे वाढीला कमी पडलेल्या साडेआठ लाखांहून जास्त, तेही बिनव्याजी.

हे जमत नसेल, तर वाढ आवरणं हा दुसरा रस्ता. महिन्याला एक लाखाची जादा विक्री म्हणजे ३ लाख ६० हजार अडकणार. सव्वादोन लाख उरत असतील, तर स्वतःच्या बळावर महिन्याची विक्री साठेक हजारांनीच वाढवता येते. वाढतेशेठला हा आकडा दाखवला की तो मान डोलावतो, रकान्यांचा कागद घडी करून खिशात ठेवतो आणि त्याच कागदाच्या पाठीवर एटापल्लीच्या नव्या गिऱ्हाइकाची ऑर्डर लिहून घेतो.