पाच-तीन-दोन

आमच्या वहिनी घरगुती गोडा मसाला विकतात. त्यांचं इन्स्टाग्रामचं पान म्हणजे पंक्तीत हट्टाला पेटलेला वाढपी होता. सोमवारी 'ऑर्डर करा', मंगळवारी 'आजच ऑर्डर करा', बुधवारी 'अजून केली नाही?'. त्यांच्या सख्ख्या मावशीनंही त्यांना म्यूट केलं होतं.

मग पान पुतण्याच्या ताब्यात गेलं. त्यानं शेजारच्या मांजराचं रील टाकलं आणि ते तुफान चाललं. चौकशीही आली, पण "पिल्लं देता का?" अशी.

शेवटी पान तीन खांबांवर उभं करायचं ठरवलं. मी वहिनींचं व्हॉट्सॲप उघडलं आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते वहीत उतरवलं. गोडा आणि काळा मसाला एकच का? पावसाळ्यात गुठळ्या का होतात? दगडफूल म्हणजे नक्की काय? झाला की शिकवण्याचा खांब उभा! दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे मी सांगितलं तेव्हा वहिनी कडाडल्या, "भाऊजी, मसाल्याच्या पानावर बुरशी हा शब्द येणार नाही!" तो आलाच, आणि ती पोस्ट लोकांनी सर्वांत जास्त सेव्ह करून ठेवली.

दुसरा खांब रमवण्याचा. इथे चाळणी एकच: बरणीवरचं नाव झाकलं तर ही पोस्ट दुसऱ्या कुणाच्याही पानावर खपेल का? खपत असेल, तर आपल्या कामाची नाही. मांजर गेलं, सूर्यास्ताखालचे सुविचारही गेले. मिरच्या भाजताना खोकत घराबाहेर पळणारा आमचा दादा मात्र राहिला.

तिसरा खांब विक्रीचा. दहा पोस्टींत पाच शिकवायच्या, तीन रमवायच्या, दोन विकायच्या. हा काही वेदातला आकडा नव्हे. दिवाळीच्या तोंडावर विक्रीच्या चार झाल्या तरी चालतं, कारण आधीचे महिने आपण लोकांना छळलेलं नसतं. वहिनींची खोड अशी की शिकवणाऱ्या पोस्टच्याही शेवटी "पाव किलोचा भाव विचारा" असं हळूच चिकटवायच्या. मग दहाच्या दहा पोस्टी विकणाऱ्याच होतात की! ते शेपूट कापायला फार भांडावं लागलं.

मोजमापही प्रत्येक खांबाचं वेगळं. शिकवणारी पोस्ट किती जणांनी सेव्ह केली ते बघायचं, रमवणारी किती जणांनी पुढे धाडली ते, आणि विकणारीला भाव किती जणांनी विचारला ते. विक्रीच्या पोस्टला बदाम कमी पडले म्हणून वहिनी हिरमुसल्या होत्या, पण तिच्यावरून बरण्या गेल्या होत्या. बदाम मांजराला भरपूर पडले होते.

परवा दादाच्या खोकल्याच्या रीलखाली कुणीतरी लिहिलं, "काकांना पाणी द्या आणि आम्हाला अर्धा किलो द्या." वहिनींनी वही उघडून विचारलं, "ही रमवणारीत धरू की विकणारीत?" मी तोंड उघडण्याआधीच दादा म्हणाला, "माझ्या पगारात धर."