अण्णांच्या नजरेखालून

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपात पंच रबरी गॅस्केट कापतो आणि अण्णा आमचे ई-मेल. हुद्द्याने ते डिस्पॅच क्लार्क, पण कुठलंही मोठं कोटेशन त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हा शेठचा दंडक आहे. शेठनी तो का घातला हे कुणी विचारत नाही. विचारलं की शेठचे कान लाल होतात.

अण्णांची पहिली अट अशी की To चा रकाना रिकामा दिसला पाहिजे. आधी मजकूर, मग फाइल, मग तपासणी, आणि पत्ता सगळ्यात शेवटी. K दाबला रे दाबला की कॉम्प्युटर जुनी नावं पुढे करतो. घाईत एंटर बसतो आणि चाकणच्या गिऱ्हाइकाचा दर त्याच्याच शेजारच्या स्पर्धकाला पोचतो. आलेल्या मेलला उत्तर द्यायचं असेल, तर अण्णा तो भरलेला पत्ता कापून नोटपॅडमध्ये बाजूला ठेवायला लावतात. "मुलगी पसंत करायच्या आधी अक्षता टाकता काय रे?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

दुसरी अट म्हणजे कंपनीचं नाव कानावर विश्वासून लिहायचं नाही. समोर त्या कंपनीचं लेटरहेड हवं. रोज तोंडात असलेलं नावच दगा देतं, कारण ते आपण वाचतच नाही, नुसतं ओळखतो. Toubro चं Turbo होतं, Procter मध्ये e च्या जागी o घुसतो, आणि डोळा दोन्हीवरून सुखाने घसरतो. म्हणून अण्णा प्रिंट काढतात आणि नावं शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचतात, तीही मोठ्याने. "आर, ई, टी, सी…" असा जप सुरू झाला की नवीन माणसाला वाटतं, अण्णांना काहीतरी झालं. उलट्या वाचनाला अर्थ नसतो, म्हणून डोळ्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावंच लागतं.

गेल्या शुक्रवारी सेल्सचा पोरगा कोटेशन घेऊन आला. त्याने दुसऱ्याच गिऱ्हाइकाला पाठवलेलं जुनं कोटेशन उघडून त्यात नवं नाव टाकलं होतं. सगळेच तसं करतात. "Ctrl+F मारून बघितलं अण्णा, जुनं नाव कुठ्ठेच नाही," तो म्हणाला. अण्णांनी चष्मा पुसला. एक्सेल आपणहून फक्त उघड्या शीटमध्ये शोधतं, त्यामुळे अटींच्या दुसऱ्या शीटवर जुनं नाव सुखात नांदत होतं. सगळ्या वर्कबुकात शोधा म्हटलं तरी फुटर राहतोच, कारण पानाच्या तळाचा मजकूर त्या शोधात येत नाही. तिथेही ते निघालं. मग अण्णांनी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली, तर वर टॅबवर जुन्या गिऱ्हाइकाचं नाव. फाइलचं नाव बदललं तरी तिच्या आतलं शीर्षक बदलत नाही. पोरगा खाली बसला.

मेलचा मजकूर त्याने रिक्षातून फोनवर लिहिला होता. सुरुवात होती 'Dear Madam'. समोरचे परचेस मॅनेजर म्हणजे मिशा राखलेले कदम. फोनने Kadam चं Madam करून टाकलं होतं आणि खाली लाल रेघ नाही, कारण शब्द अगदी शुद्ध. पुढे उशिराबद्दल माफी होती. त्यात inconvenience च्या जागी incontinence बसला होता, म्हणजे कंपनीने गैरसोयीऐवजी आपल्या लघवीवर ताबा नसल्याची लेखी कबुली दिली होती. याला फार थोर परंपरा आहे, हेही नमूद करायला हवं. जुने स्पेलचेकर cooperation ची Cupertino करत आणि कॅलिफोर्नियातलं ते गाव थेट युनोच्या कागदपत्रांत जाऊन बसलं होतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिथे डिस्पॅचला कोण होतं?"

शेवटी पत्ता भरला आणि बटण दाबलं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. अण्णांनी ती मुदत पुरी 30 करून घेतली आहे आणि तेवढा वेळ माउसवर हात ठेवून ते उभेच राहतात. या वेळी सतराव्या सेकंदाला त्यांनी मेल मागे खेचला. फाइल जोडायची राहिली होती.

सोमवारी ऑर्डर आली. मेलच्या खाली 'Anna, Dispatch' अशी सही असते. त्यावरून कदमांच्या ऑफिसातल्या कुणा नव्या, बहुधा परप्रांतीय मुलाने उत्तर लिहिलं होतं, 'Dear Ms. Anna'. आम्ही सगळे तोंड दाबून उभे. अण्णांनी चष्मा वर केला, बोट स्क्रीनला लावलं आणि उलटं वाचलं, "ए, एन, एन, ए." मग सुलटं वाचलं. "नाव बरोबर आहे," ते म्हणाले, "आता क्वांटिटी वाच."