खलनायकाचा गृहप्रवेश

पाच मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आणि तिच्यात एक खलनायक हवा, असं ठरलं की पहिलं काम म्हणजे घरातला सगळ्यात गरीब माणूस हेरणे. झुपकेदार मिश्या आणि घोगरा आवाज असलेले लोक टाळावेत, ते आल्याआल्याच सगळं सांगून टाकतात. आम्ही मेहुण्याला घेतलं. तो बँकेत आहे, उंची 5 फूट 6 इंच, आणि रिक्षावाल्याकडे सुटे नसले तर हाच त्याची माफी मागतो. कथेत तो सावकार, आणि आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या कर्जदाराकडे वसुलीला यायचा होता.

साहित्य फार लागत नाही. मोबाइल, एक साधा बल्ब, स्टूल आणि जड बुटांची एक जोडी. एवढं जमलं की मेहुण्याला शेजारी बसवून 'शोले' लावावा. गब्बरला यायला साधारण तास लागतो, तोवर चहा होतो. हा तासच खरं तर पहिला धडा आहे. त्याची माणसं धान्य मागायला येऊन जातात, ठाकूर त्याच्यासाठी दोन भाडोत्री गडी आणतो, गाव त्याच्या नावाने दबकून असतं, आणि गब्बर स्वतः अजून कुठेच नाही. मग रामनगरच्या खडकांवर जवळजवळ जमिनीला टेकलेला कॅमेरा, त्यात फक्त बूट आणि दगडावर घासत जाणारा पट्टा. चेहरा नंतर. अमजद खान तेव्हा प्रेक्षकांना नवखा होता, म्हणजे चेहऱ्याचा दबदबा असण्याचा प्रश्नच नव्हता. दबदबा तयार केला तो समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या तिघांनी. छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी हे सगळं भर उन्हात दाखवलं, हे अंधाराच्या प्रेमात पडलेल्या नवशिक्याने वहीत लिहून ठेवावं.

आता कॅमेरा खाली ठेवायचा. इथे सगळे एकच चूक करतात, आम्हीही केली. मोबाइल फरशीवर ठेवला आणि मेहुण्याला त्याच्यापासून दोन फुटांवर उभं केलं. पडद्यावर नावेएवढे बूट आले, वर ढेरी, आणि पार टोकाला नारळाएवढं डोकं. सावकार दिसायच्या आधी त्याच्या नाकपुड्या दिसल्या. कारण साधं आहे. बूट लेन्सपासून दोन फुटांवर, तर डोकं जवळजवळ सहा फुटांवर. जे तिप्पट जवळ ते तिप्पट मोठं. तोच मोबाइल बारा फुटांपर्यंत मागे नेला की बूट बारा फुटांवर आणि डोकं तेरा-सव्वातेरा फुटांवर येतं, फरक जवळजवळ मिटतो. मग मोबाइलमध्ये दोनपट झूम करून माणूस चौकटीत आणावा. कोन खालचाच राहतो, माणूस मात्र खांबासारखा सरळ उभा दिसतो.

खालून बघितलं की छत दिसतं, हे कुणी आधी सांगत नाही. आमच्या छताला वायरींचं जाळं होतं आणि दोरीवर कुणाचा तरी टॉवेल. ऑर्सन वेल्सने 'सिटिझन केन'मध्ये (1941) खालचे कोन मिळावेत म्हणून सेटची जमीन फोडून कॅमेरा खाली उतरवला होता, आणि छत म्हणून कापड ताणून त्याच्यामागे माइक लपवले होते. आपण टॉवेल काढला तरी पुरे.

सावलीत मात्र थोडं गणित आहे. बाहेर चित्रीकरण असेल तर सूर्य उगवल्यावर साधारण तासाभरात उरकावं, तेव्हा सावली माणसाच्या उंचीच्या पावणेचारपट पडते. तीन तासांनी ती उंचीएवढीच उरते आणि खलनायक दूध आणायला निघाल्यासारखा दिसतो. आत ट्यूबलाइट वापरू नये. चार फूट लांबीच्या उजेडातून सावलीची कड निघत नाही, नुसता मळकट डाग पडतो. लहान, उघडा बल्ब हवा.

आम्ही बल्ब एक मीटर उंचीच्या स्टुलावर ठेवला, त्याच्यापुढे दोन मीटरवर मेहुणा, आणि आणखी दोन मीटरवर कर्जदाराचं दार. सावली दुप्पट होते, पण बल्बच्या पातळीपासून मोजायची. डोकं बल्बच्या वर 68 सेंटिमीटर, त्याचे झाले 136, अधिक स्टुलाचे 100. म्हणजे दारावर पावणेआठ फुटांचा सावकार. बल्ब फरशीवर ठेवला असता तर डोकं छतावर वळलं असतं आणि दारावर नुसती धोतराची फडफड उरली असती.

तालमीत सगळं छान. मग मी म्हणालो, "चल, दाराकडे ये." मेहुणा एकेक पाऊल टाकत निघाला आणि दारावरची सावली एकेक पाऊल लहान होत गेली. दाराशी पोचला तेव्हा ती त्याच्याएवढीच होती, बँकेतली. कुलूप लावत उभा असलेला आमचा कर्जदार घाबरायच्या ऐवजी हसला, आणि त्याच्यात त्याची चूक नव्हती. दिव्यापासून लांब गेलं की सावली आक्रसते. चाल दिव्याकडे असती तर ती वाढली असती, पण कर्जदाराकडे पाठ करून जाणारा सावकार काय कामाचा?

उपाय सापडला तो स्टुलापाशी. मेहुण्याला आधी होता तिथेच उभं केलं आणि बल्ब हातात घेऊन, त्याच उंचीवर, हळूहळू त्याच्या पाठीशी एक मीटरपर्यंत आणला. दुप्पट सावली तिप्पट झाली, डोकं तीन मीटरवर जाऊन छताला टेकलं. माणूस जागचा हलला नाही आणि दारावर वाढत गेला. आठ सेकंद लागले. याहून घाई केली तर बल्ब कुणीतरी हलवतंय हे कळतं.

हालचालीचा नियम यातूनच निघतो: एका वेळी एकच गोष्ट हलेल. मान वळत असेल तर हात गप्प, हात हलत असेल तर डोळे गप्प. नवशिका नट एका वाक्यात भुवया, ओठ आणि बोट तिन्ही वापरतो. त्याला मनात एक ते पाच आकडे मोजायला लावावेत, चेहरा आपोआप रिकामा होतो. शंका असेल तर 'शोले'च्याच 1975 सालातला जब्बार पटेलांचा 'सामना' पाहावा. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील फारसा ओरडत नाही. त्याला गरजच पडत नाही.

आमचा शेवटचा क्रम असा ठरला. जिन्यावर बुटांचा आवाज, कर्जदाराचा कुलपावर थांबलेला हात, पायऱ्यांवर बूट, दारावर वाढणारी सावली, आणि पुन्हा कर्जदार. चेहरा सगळ्यात शेवटी, तोही चार सेकंदच. पहिल्या जुळणीत मी चेहरा दुसऱ्या क्रमांकावर लावला होता. तो काढला तेव्हा आवाज बंद करून सासूबाईंना फिल्म दाखवली. स्वतःच्या मुलाला ओळखायला त्यांना शेवटपर्यंत लागलं, म्हणजे जमलं.

बूट मात्र मापाचे घ्या. आमचे उसने होते, दोन नंबर मोठे, आणि तिसऱ्या पायरीवर सावकाराची टाच निघालेली अजून दिसते.